आठवी ब, बुधवार, सहावी तासिका: एका अर्जाची गोष्ट

आठवीला आठवड्यातून एक उपक्रम तास मिळावा, एवढीच माझी मागणी होती. पस्तीस मिनिटं, एक तुकडी, थोडंसं साहित्य. जूनअखेरीस मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आणि मंजुरी हातात आली तेव्हा गणपती येऊन, विसर्जन होऊन मांडवाचे बांबूसुद्धा निघाले होते. त्या मधल्या काळाचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून हे लिहून काढते आहे. ज्या शिक्षकांना असा अर्ज करायचा आहे त्यांना कदाचित उपयोग होईल.

शाळा तालुक्याच्या गावची, अनुदानित. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. अर्ज लिहिणं, टाईप करणं, आवक नोंदवहीत क्रमांक पाडून घेणं हे सगळं एका दुपारात झालं. इथंच एक सांगून ठेवते: अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर भाऊसाहेबांचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी दिलेला किंवा टेबलावर ठेवून आलेला कागद पुढे कुणालाच आठवत नाही.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, "चांगलं आहे, बघू" म्हणाले आणि समासात पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले: "तासिका कोणाची?" पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर अडलं.

मला वाटलं होतं, उत्तर माझ्या अर्जातच आहे. आठवीच्या वेळापत्रकात कार्यानुभवाच्या तासिका असतात. आठवी बची त्यातली एक बुधवारी सहावी, म्हणजे मोठ्या सुट्टीनंतरची पहिली. ती उपक्रमाला द्या, असं मी लिहिलं होतं. कुठल्याच विषयाचा तास जात नाही, शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे जे १००० तास सांगितलेत त्यातला एकही मिनिट कमी होत नाही, आणि मुलांनी जे केलं त्याची नोंद कार्यानुभवाच्या आकारिक मूल्यमापनात जाते. कागदावर याहून सरळ काही असू शकत नाही.

मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वेळापत्रक प्रमुखांशी बोला." वेळापत्रक प्रमुख म्हणाले, "सरांनी सांगितलं तर मी आत्ता बदलतो, मला काय." पुन्हा सरांकडे गेले तर पर्यवेक्षकांना विचारून घ्या. पर्यवेक्षक म्हणाले, "शनिवारी करा ना, आनंददायी शनिवार आहेच की." आता आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आनंददायी शनिवारचा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला आहे हे खरं, पण आमच्याकडे शनिवारची शाळा सकाळची, तासिका आधीच आखूड, आणि त्यात कवायत. कापणं-चिकटवणं सुरू होईपर्यंत घंटा होते. हे सांगितलं तर पर्यवेक्षक म्हणाले, "तेही खरंच," आणि चहा प्यायला गेले. या फेऱ्यात माझा अर्ज सरांच्या टेबलाच्या काचेखाली गेला. काचेखाली म्हणजे दिसतो पण हलत नाही. रोज सही करायला गेलं की माझंच अक्षर माझ्याकडे बघायचं.

खरी गोष्ट मला स्टाफरूममध्ये कळली, तीही शिपाईमामांकडून. बुधवारची ती तासिका कागदावर कार्यानुभवाची होती, पण आठवी बमध्ये त्या वेळी उभे असायचे गणिताचे सर. आदल्या वर्षापासून ते तिथे जादा उदाहरणं घेत होते. कुणी लेखी दिलेलं नव्हतं, कुणी हरकत घेतलेली नव्हती, आणि कार्यानुभवाच्या श्रेणी वर्षअखेरीस नीट भरल्या जात होत्या. म्हणजे मी जी तासिका 'मोकळी' म्हणून मागत होते ती मोकळी नव्हती. तिचा मालक होता, फक्त वेळापत्रकात त्याचं नाव नव्हतं. मुख्याध्यापकांना हे माहीत होतं. पण ते मला "ती गणिताला दिली आहे" असं म्हणू शकत नव्हते, कारण तसं म्हटलं की कार्यानुभव होत नाही हे त्यांच्याच तोंडून कबूल होतं. आणि गणिताच्या सरांना "आता घेऊ नका" असंही म्हणवत नव्हतं, कारण घटक चाचणीत त्या तुकडीचं गणित खरोखरच कच्चं निघालं होतं. मग राहिलं काय? "बघू."

हे कळल्यावर माझी चिडचिड आधी वाढली. नंतर मात्र वाटलं, की हे बरंच झालं. अडलेलं काम माणसाशी बोलून सुटतं, काचेशी बोलून नाही.

गणिताच्या सरांना गाठलं. ते सरळ बोलले. "बाई, मला तास सोडायला काही नाही. पण अपूर्णांक येत नाहीत पोरांना. तुम्ही मला दुसरीकडे तास द्या." इथं आमच्या वेळापत्रकाचा मोठा तक्ता कामी आला. स्टाफरूमच्या भिंतीवर असतो तो, आडवे वार आणि तासिका, उभे शिक्षक. माझ्या विज्ञानाच्या आठवी बच्या तासिकांवर बोट ठेवत गेलो. शनिवारची दुसरी चालली असती, पण तेव्हा ते दहावीवर. सोमवारची पहिली, तेव्हा नववीवर. शुक्रवारी तिसरीला माझा आठवी बवर तास आणि त्यांचा ऑफ. तो तास एक आठवड्याआड त्यांना द्यायचा ठरलं. माझं नुकसान होत नव्हतं, कारण अभ्यासक्रमातलेच काही प्रयोग मी उपक्रम तासात करून घेणार होते. ऑफ तास जातो म्हणून ते थोडे कुरकुरले, पण एक आठवड्याआड म्हटल्यावर तयार झाले.

मग मी अर्ज पुन्हा लिहिला. विषय तोच, पण मजकुरात "कार्यानुभव तासिकेचा विनियोग" वगैरे जड काही न लिहिता सरळ एक तक्ता जोडला. डावीकडे 'सध्या', उजवीकडे 'प्रस्तावित', आणि त्यात फक्त दोन ओळी: बुधवार सहावी आणि शुक्रवार तिसरी. बुधवारच्या ओळीत डावीकडे "कार्यानुभव" आणि उजवीकडे "कार्यानुभव (उपक्रम)". गणिताचा उल्लेख फक्त शुक्रवारच्या ओळीत. जे आधी लेखी नव्हतं ते आताही लेखी आणायचं नाही, एवढं शहाणपण शाळेत राहून येतंच. तक्त्याखाली तीन सह्या: माझी, गणिताच्या सरांची, वेळापत्रक प्रमुखांची. शेवटी एक वाक्य: "सदर बदल दुसऱ्या सत्रापुरता प्रायोगिक तत्त्वावर असून सत्राअखेर अहवाल सादर करून पुढील निर्णय घेण्यात यावा."

सरांनी तो कागद बघितला, तीन सह्या बघितल्या आणि तिथेच उभ्या उभ्या सही केली. पेन्सिलीचा जुना शेरा त्यांनी खोडरबरानं पुसला, हे मला फार आवडलं. माझ्या मते त्यांना उपक्रमाबद्दल कधीच शंका नव्हती. सही केल्यावर दुसऱ्या दिवशी कोण तक्रार घेऊन येईल, एवढंच त्यांना बघायचं होतं. म्हणून तुमच्या शाळेत असा अर्ज अडला तर उपक्रमाचं महत्त्व आणखी दोन पानं वाढवू नका. त्या तासाला त्या वर्गात प्रत्यक्ष कोण उभं असतं, ते आधी जाऊन बघा.

पैशाचं काम त्यामानानं सोपं गेलं. भाऊसाहेबांनी विचारलं, "कुठल्या खात्यातून?" आमच्याकडे सत्र शुल्काचं खातं असतं, त्यात सहशालेय उपक्रमांना जागा आहे, तिथून. त्यांनी एकच गोष्ट शिकवली: एकदाच घ्यायच्या वस्तू आणि संपणाऱ्या वस्तू वेगळ्या दाखवा. पहिल्या साठा नोंदवहीत चढतात, दुसऱ्या चढत नाहीत, आणि तपासणीला येणारा माणूस आधी हेच बघतो. पंचेचाळीस मुलं, पाचापाचांचे नऊ गट. नऊ कात्र्या ४० रुपयांप्रमाणे ३६०, शिंप्याकडच्या नऊ मोजपट्ट्या १५ प्रमाणे १३५, आणि साहित्याची पत्र्याची पेटी ४५०. हे झाले ९४५. संपणारं साहित्य: कार्डशीट ३२०, फेविकॉल १६०, एलईडी, वायर आणि सेल मिळून ३८०, झेरॉक्स २००. हे १०६०. एकूण २००५ रुपये, सगळ्या सत्राला. 'संकीर्ण' म्हणून एक गोल आकडा मला टाकायचा होता, तो भाऊसाहेबांनी लाल पेनानं काढला. बरं केलं. त्या आकड्यावरच चर्चा झाली असती.

बिलं शाळेच्या नावानं घ्या, तुमच्या नावानं नको. स्टेशनरीवाला सवयीनं 'मॅडम' एवढंच लिहितो आणि ते बिल परत येतं.

तासिका सुट्टीनंतरची मागितली होती त्याचं कारण आता सांगते, आधी राहून गेलं. पस्तीस मिनिटांत मांडायला पाच आणि आवरायला दहा जातात. सुट्टीनंतरची तासिका असेल तर गटप्रमुख सुट्टी संपता संपता पेटी उघडून मांडामांड करतात. शेवटच्या तासिकेला मुलांचं अर्धं लक्ष एसटीकडे असतं आणि आवरणं कायम माझ्यावर पडतं.

दिवाळीनंतर पहिला उपक्रम घेतला तो मातीचा. प्रत्येक गटानं रुंद तोंडाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीत एकतृतीयांश माती भरली, वर पाणी घातलं, झाकण लावून जोरात हलवलं आणि खिडकीत ठेवलं. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर गाळ बसायला तासच्या तास जातात, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा पाणी गढूळ ठेवते. म्हणून थर मोजायचे पुढच्या बुधवारी, पट्टी लावून. मैदानावरच्या मातीत जवळपास सगळी वाळू निघाली. एका मुलीनं आणलेल्या घरच्या शेतातल्या काळ्या मातीत वाळूचा थर नखाएवढा, पाणी मात्र आठवड्यानंतरही पुरतं निवळलेलं नव्हतं. त्या थरांचे अपूर्णांक मुलांनी काढले, आणि ते कागद मी शुक्रवारी गणिताच्या सरांच्या हातात दिले.

एक कलम अर्जात आधीच घालून ठेवा. तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी ही तासिका बदली तासात सगळ्यात आधी जाते, कारण तिला अभ्यासक्रम नाही असंच सगळे धरून चालतात. मी कार्यानुभवाच्या बाईंचं नाव पर्यायी शिक्षक म्हणून त्यांच्या संमतीनं लिहिलं आणि पेटीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे दिली. जानेवारीत मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा बदली नोंदवहीत त्या तासिकेपुढे त्यांचंच नाव होतं.