पहाटे दोनची पाळी आणि नववीचा वर्ग

माझं काम वाचायचं. नांदेडात जन्मलो, शाळा मराठीत झाली, गुरमुखी घरी आजोबांकडून शिकलो आणि आता पाठी सिंघ म्हणून गुरू ग्रंथ साहिबांचा पाठ करतो. त्या आठवड्यात एका कुटुंबानं अखंड पाठ ठेवला होता. शुक्रवारी सकाळी दहाला सुरू, रविवारी सकाळी दहाला समाप्त. मधले ४८ तास आवाज थांबायचा नाही. आम्ही आळीपाळीनं दोन-दोन तास बसतो, त्या पाळीला आमच्यात रौल म्हणतात. माझी रौल शनिवारी पहाटे दोन ते चार अशी होती. ती संपवून थोडा झोपलो होतो, तेवढ्यात निरोप आला की एका शाळेचा नववीचा वर्ग गुरुद्वाऱ्यात आलाय आणि त्यांना मराठीत सांगणारं कुणीतरी हवंय.

मुलं पाय धुऊन, डोक्याला रुमाल बांधून आत आली. माथा टेकून, प्रदक्षिणा घालून मागे बसली. समोर चांदव्याखाली मंजी साहिबवर ग्रंथ, त्यामागे बसून वाचणारे सिंघ आणि बाजूला चौर ढाळणारा सेवादार. एका मुलानं दबक्या आवाजात विचारलं, "काका, हे राजासारखं का?" म्हटलं, राजासारखंच. १७०८ साली याच नांदेडात दहावे गुरू गोबिंदसिंघ यांनी सांगितलं की यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू. म्हणून पहाटे ग्रंथ उघडतात त्याला प्रकाश म्हणायचं आणि रात्री रुमाल्यात गुंडाळून मानानं विसाव्याच्या खोलीत नेतात ते सुखासन. पानालासुद्धा आम्ही पान म्हणत नाही, अंग म्हणतो. अशी अंगं १४३०.

तिथं जास्त बोलता येत नाही, म्हणून त्यांना लंगरच्या हॉलमध्ये नेलं. तिथं सेवेच्या पाळ्या लिहायचा फळा आहे. ग्रंथ कसा तयार झाला ते बाईंनी आधीच वर्गात बरंच शिकवलेलं दिसत होतं. पाचवे गुरू अर्जनदेव, अमृतसरचं रामसर, लिहून घेणारे भाई गुरदास, साल १६०४, हरिमंदिरात स्थापना, पहिले ग्रंथी बाबा बुढ्ढा, हे सगळं मुलांनी घडाघडा म्हणून दाखवलं. मग मागच्या रांगेतला एक पोरगा उठला. "पण काका, त्यात कुणी स्वतःची एखादी कविता घुसवली तर कळणार कसं?"

बाई जरा अवघडल्या. मला मात्र प्रश्न फार आवडला, कारण ग्रंथ तयार करायची वेळ आली ती याच भीतीपोटी. पहिल्या गुरूंपासून गुरू अर्जनांपर्यंत सगळ्यांनी आपल्या रचनेत शेवटी नाव घातलं ते 'नानक'. स्वतःचं नाव कुणीच घातलं नाही. त्यामुळे बाहेरच्या कुणालाही 'नानक' असं नाव लावून चार ओळी रचता येत होत्या आणि तशा रचना फिरूही लागल्या होत्या. गुरू अर्जनदेवांच्या थोरल्या भावाच्या, प्रिथीचंदांच्या घरातून त्या येत होत्या असं परंपरा सांगते. तेव्हा खरी बाणी, म्हणजे गुरूंची खरी रचना, कोणती ते एकदाचं ठरवून, लिहून, बांधून ठेवणं भाग होतं.

कुठल्या गुरूंची रचना आहे ते कळावं म्हणून वर 'महला' आणि आकडा घातला. महला १ म्हणजे गुरू नानक, महला ५ म्हणजे गुरू अर्जन. गुरूंच्या परंपरेपलीकडच्या संतांना त्यांच्या नावानं जागा दिली. त्यात कबीर, रविदास, शेख फरीद आहेत आणि आपले नामदेव आहेत. सगळं रागांप्रमाणे लावलं, एका रागात आधी गुरू आणि मग भक्त. पण घुसखोरी अडवणारं खरं कुलूप आहे ते आकड्यांचं, आणि ते सांगून कळत नाही, पाहावं लागतं. म्हणून फळ्यावर मी नामदेवांचा आसा रागातला शबद, म्हणजे पद, लिहिला. अंग ४८५. काही तासांपूर्वी, पहाटे अडीचच्या आसपास, माझ्याच पाळीत तो येऊन गेला होता.

पहिल्यांदा त्यातली एकच ओळ लिहिली, जुन्या हस्तलिखितांत असते तशी, अक्षराला अक्षर जोडून:

जत्रजाउततबीठलुभैला

आम्ही याला लडीवार म्हणतो, शब्दांमध्ये जागाच नाही. आज बहुतेक ठिकाणी शब्द सुटे छापलेल्या प्रतीवरून पाठ होतो, पण लडीवार वाचता आलं नाही तर आमच्यात पक्का पाठी मानत नाहीत. मुलांना म्हटलं, तोडा. पाच मिनिटं गोंधळ झाला. कुणी 'जाउत' तोडलं, कुणी 'तबी' काढलं आणि पुढे 'ठलु' उरल्यावर हसू लागले. मग एक मुलगी म्हणाली, "बीठलु म्हणजे विठ्ठल असणार." तिनं तो शब्द बाजूला काढला आणि बाकीची ओळ आपोआप सुटली: जत्र जाउ तत बीठलु भैला. जिथे जावं तिथे विठ्ठल. अर्थ मला सांगावाच लागला नाही. 'बीठलु' मधला शेवटचा उकार लिहायचा असतो पण उच्चारायचा नसतो, बीठल असंच वाचायचं, एवढं मात्र सांगितलं. नवखा माणूस तिथं हमखास अडखळतो.

मग पूर्ण शबद आकड्यांसकट लिहिला. देवाला आंघोळ घालायला घागर भरून आणावी, तर पाण्यात बेचाळीस लाख जीव. तिथं आकडा १. मग ती विठ्ठलाची ओळ, तिच्यापुढे १ आणि 'रहाउ'. रहाउ म्हणजे धृपद, कीर्तनात तेच पुन्हा पुन्हा आळवतात. मग हार करायला फुलं आणावीत, तर भुंग्यानं वास आधी घेतलेला, आकडा २. नैवेद्याच्या खिरीसाठी दूध आणावं, तर वासरानं आधीच विटाळलेलं, आकडा ३. शेवटी 'ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही', आणि सगळ्यात शेवटी ॥ ४ ॥ २ ॥.

"चार म्हणजे चार कडवी," तोच पोरगा म्हणाला. "दोन कशाचे?"

दोन म्हणजे आसा रागातला नामदेवांचा हा दुसरा शबद. पुढच्या शबदात नामदेव सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा घेऊन बसतात, शिंप्यालाच सुचावं असं. तो ॥ ४ ॥ ३ ॥ वर संपतो. आता यांच्यामध्ये कुणी नवा शबद घालून दाखवा, मी म्हटलं. पोरानं फळ्याकडे पाहिलं. घातला तर तो तिसरा होणार, मग आधीच्या तिसऱ्याचा चौथा करावा लागणार, चौथ्याचा पाचवा, आणि जिथं बेरजा लिहिल्यात तिथं त्याही खोडाव्या लागणार. एखादं कडवं गाळलं तरी चारचे तीन होणार. म्हणजे एक ओळ बदलायला पानंच्या पानं खोडावी लागतील. अशी खाडाखोड लपत नाही. पुढे गुरू गोबिंदसिंघांनी पंजाबातल्या दमदमा साहिबला नवव्या गुरूंची, म्हणजे आपल्या वडिलांची बाणी ग्रंथात घातली, तीही अशीच, महला ९ असं वर लिहून आणि आकडे घालून.

हेच आकडे आमच्याही कामाला येतात. पहाटे तीनला डोळा जड होतो, पातळ कागदाची दोन अंगं एकदम उलटतात, किंवा सारख्या सुरुवातीच्या दोन ओळींत नजर वरचीवरून खालचीवर घसरते. कान फसतो, कारण लय तीच असते. पण दोन आकड्यानंतर एकदम चार आला की वाचणाऱ्याला लगेच कळतं. मग निमूटपणे मागे जायचं आणि सुटलेलं वाचून पुढे यायचं. ऐकायला बसलेल्यानं चूक पकडली तर तोही हळूच सांगतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

बाराला पाळी बदलणार होती, म्हणून मुलांना पुन्हा आत नेलं. जाता जाता त्यांनी हिशेब केला होता. १४३० भागिले ४८, तासाला साधारण तीस अंगं, एका अंगाला दोन मिनिटं. २६ तास झाले, म्हणजे आता ७८० वर असायला हवेत. नवे सिंघ हातपाय धुऊन आले, माथा टेकला आणि वाचणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्या बोटामागे ओळ धरली. दोन ओळी दोघांचे आवाज एकत्र चालले. मग पहिला आवाज थांबला, ते मागून उठले आणि दुसरे सरकून मधोमध बसले. कुठे थांबलं, कुठे सुरू झालं, ते मुलांना पकडता आलं नाही. उठलेल्या सिंघांना मी बाहेर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सातशे एक्काहत्तर. सूही चालू आहे." नऊ अंगांचा फरक कसा, म्हणून पोरं लगेच भांडायला तयार. अरे, तीस हा तुमचा गोळाबेरीज आकडा, नीट भागाकार केलात तर ७७५ च्या आत येतं. उरलेली चारेक अंगं रात्रीच्या संथ वाचनात मागे पडली असतील, ती पुढच्यांना भरून काढावी लागतात. घाई करून मात्र नाही. शब्द गिळत धावणारा पाठ ४८ तासांत संपला तरी मला तो पाठ वाटत नाही, आणि पैसे घेऊन असं वाचणारे आमच्यात आहेत. घरी ज्याला जमेल तसं रोज थोडं थोडं वाचून महिनोन् महिने चालवलेला सहज पाठ मला त्यापेक्षा मोलाचा वाटतो.

रविवारी भोगाला, म्हणजे पाठाच्या समाप्तीला, ती विठ्ठल ओळखणारी मुलगी आईला घेऊन आली. अंग १४२९ वर मुंदावणी येते, गुरू अर्जनांनी ग्रंथावर केलेली मोहोरच ती: थाळीत तीन पदार्थ वाढलेत, सत्य, संतोष आणि विचार. त्यानंतरची रागमाला वाचावी की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत, काही ठिकाणी मुंदावणीवरच थांबतात. आम्ही वाचली. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली आणि ग्रंथी सिंघांनी हुकुमासाठी, म्हणजे गुरूंचा आदेश म्हणून वाचायच्या शबदासाठी, ग्रंथ मध्येच कुठेतरी उघडला. पण वाचायला लागण्याआधी त्यांनी एक अंग मागे उलटलं.

बाहेर आल्यावर मुलीनं तेच विचारलं. "त्यांना ते पान आवडलं नाही का?"

तसं नाही. डाव्या अंगाच्या वरच्या बाजूला जो शबद असेल तोच हुकूम, निवडायची मुभा नाही. पण तो शबद मागच्या अंगावर सुरू झाला असेल तर मागे जाऊन पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि शेवटपर्यंत न्यायचा. 'नानक' येतं त्या ओळीवर संपवायचा. वार नावाची लांब रचना निघाली तर तिची एक पौडी, म्हणजे कडवं, आणि त्या पौडीचे सगळे सलोक, म्हणजे श्लोक, मिळून एक हुकूम. अर्धा शबद हुकूम होत नाही.

"मग आकडा बघून कळतं, कुठे सुरू होतो ते," ती म्हणाली, आणि आईला घेऊन लंगरच्या पंगतीत जाऊन बसली.