चित्र बदललं, काचेतली खिडकी तीच ठेवली

माझ्या मावसभावाचं गुहागरजवळ होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी माहितीपत्रक छापायचं होतं आणि हॉलचा सगळ्यात छान फोटो त्याने खिडकीशेजारी उभं राहून मोबाइलवर काढला होता. अडचण एकच: मागच्या भिंतीवरच्या मोठ्या फ्रेममध्ये त्यांच्या घरचा ग्रुप फोटो होता. तिथे लावायला त्याने वारली चित्र घेऊन ठेवलं होतं, पण फ्रेमवाल्याकडे अजून नंबर लागला नव्हता. "अगं, तू कॉम्प्युटरवरच बसवून टाक की," दादा म्हणाला. त्याच्याकडून चित्राचा स्कॅन मागवला आणि फोटोशॉप उघडलं.

आधी माप विचारलं. फोटो तिरपा काढलेला, त्यामुळे जवळची डावी कड उंच आणि उजवी आखूड दिसत होती. अशा चौकोनात कुठलंही चित्र चार कोपरे ओढून बसतं, सॉफ्टवेअर अजिबात कुरकुर करत नाही, आणि तिथेच फसगत होते. दादाने टेप लावून सांगितलं: चित्राभोवतीच्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, म्हणजे माउंटच्या, आतली उघडी जागा २० बाय १४ इंच. वारली चित्र होतं २१ बाय १४. ते तसंच बसवलं असतं तर आडवं पाच टक्के दाबलं गेलं असतं. चित्रात मधोमध तारप्याभोवतीचा नाच आहे, माणसांचं गोल रिंगण. तिरप्या भिंतीवरचं रिंगण अंडाकृती दिसणारच, म्हणून ते जास्त चेपलंय की बरोबर आहे हे डोळ्याला कळत नाही. मापावरच भरवसा ठेवावा लागतो. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच कापून स्कॅन २००० बाय १४०० पिक्सेलचा केला.

मग त्या लेयरवर `Convert to Smart Object`, नंतर `Ctrl+T`, आणि `Ctrl` दाबून एकेक कोपरा ओढला. स्मार्ट ऑब्जेक्ट आधी केला की कोपऱ्यांची जागा लक्षात राहते, पुन्हा हलवताना चित्र झिजत नाही, आणि आतलं चित्र पुढे बदलता येतं. फोटो तीनशे टक्के झूम करून कोपरे लावले, ते माउंटच्या तिरप्या कापाच्या आतल्या कडेला. तो पांढरा काप मूळ फोटोतलाच ठेवला, कारण त्याच्यावर पडलेला उजेड हाताने रंगवून तसा येत नाही. मोबाइलच्या लेन्समुळे वरची कड मध्ये दोन-तीन पिक्सेल फुगली होती, ती `Warp` ने जुळवली.

आता चित्र जागेवर होतं, पण भिंतीवर चिकटवलेल्या स्टिकरसारखं दिसत होतं. याचा अर्धा इलाज माउंटमध्ये सापडला. माउंट पांढरा, म्हणजे त्याच्यावर दिसणारा रंग हा खोलीतल्या उजेडाचाच रंग. आयड्रॉपरने डावीकडे, खिडकीजवळ, एक नमुना घेतला आणि उजवीकडे दुसरा. दोन्ही काचेत प्रतिबिंब नसलेल्या ठिकाणचे. डावा जरा उजळ आणि निळसर, उजवा मंद आणि पिवळट. त्या दोन रंगांचा ग्रेडियंट चित्रावर `Multiply` मध्ये टाकला आणि गेरू एकदम त्या खोलीतला वाटायला लागला. उजेडाच्या बाजूला माउंटच्या जाडीची बारीक सावली चित्रावर पडते, ती एका मऊ गडद रेषेत दिली.

खरं काम काचेचं होतं. जुन्या ग्रुप फोटोत खिडकीचं प्रतिबिंब फक्त गडद साड्यांवर आणि केसांवर दिसत होतं, पांढऱ्या शर्टांवर जवळपास नाहीच. काच समोरून पाहिली तर पडलेल्या उजेडापैकी सुमारे आठ टक्के परत फेकते, दोन पृष्ठभागांवरून मिळून, आणि तिरपं पाहावं तसं ते प्रमाण वाढत जातं. हा उजेड मागच्या चित्रावर नुसता मिळवला जातो. पांढऱ्यात मिळवला तर कळत नाही, गेरूत मिळवला तर लगेच उठून दिसतो. म्हणजे वारली चित्रावर प्रतिबिंब आधीपेक्षा जास्त दिसायला हवं, खिडकी तीच असूनही. जुन्या फोटोतून ते उचलणं शक्य नव्हतं, तिथे चेहरे आणि कपडे मिसळलेले होते.

दादाला फ्रेमची मागची पट्टी उघडून काचेमागे काळा कार्डपेपर घालायला लावला आणि त्याच जागेवरून, दुपारच्या त्याच वेळेला पुन्हा फोटो काढायला सांगितलं. त्या फोटोत काळ्यावर निव्वळ खिडकी उतरली, गजांसकट. कार्डपेपर अगदी काळा नसतो, म्हणून `Levels` मध्ये काळा बिंदू थोडा आत घेतला. थोडाच, कारण समोरच्या पांढऱ्या भिंतीचा एक फिकट पडदाही काचेवर असतो आणि तो गेला की चित्रातला काळा रंग खोटा गडद दिसतो.

बऱ्याच ट्युटोरियलमध्ये प्रतिबिंब स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत टाकायला सांगतात. मला ते पटत नाही. आत टाकलं की ते चित्राबरोबर तिरपं होतं, आणि खिडकी काचेवर छापल्यासारखी दिसते. प्रतिबिंब काचेच्या पातळीवर नसतंच. खिडकी काचेपुढे जितकी दूर, तितकीच ती काचेमागे दिसते. एक पाऊल बाजूला सरका, चित्र फ्रेममध्ये जागच्या जागी राहील आणि खिडकी सरकेल. म्हणून प्रतिबिंबाचा वेगळा लेयर सगळ्यात वर, `Screen` मोडमध्ये, न वाकवता ठेवला आणि फक्त मास्क लावून उघड्या जागेत अडकवला. `Screen` का, तर साध्या बेरजेने चित्रातल्या पांढऱ्या आकृत्या जळून जातात.

बरोबर बसलंय का, याची खूण माउंटवरच होती. माउंटही काचेखालीच असतो आणि मूळ फोटोत त्याच्यावर दोन गजांची फिकट रेघ दिसत होती. ती रेघ माउंटवरून चित्रात न तुटता जायला हवी. माझी चार पिक्सेल खाली तुटत होती, कारण दादाचा हात दुसऱ्या वेळी जरा हलला होता. लेयर तेवढा वर सरकवला आणि गज सलग झाले. शेवटी स्कॅनला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर आणि माउंटवर दिसते तितकी बारीक रवाळी दिली.

प्रूफ पाहून दादा म्हणाला, "खिडकी कशाला ठेवलीस? चित्र स्वच्छ दिसू दे ना." लेयर साठ टक्क्यांवर आणून दाखवला: गज माउंटवर ठळक, चित्रात अर्धवट पुसलेले. त्याने स्वतःच पुन्हा वाढवायला सांगितलं. ऐंशीवर ठरलं.

त्याच हॉलचा दाराकडून काढलेला दुसरा फोटोही छापायचा होता, तो मात्र काळा कागद काढून फ्रेम परत बंद केल्यावर आला. तिथे स्मार्ट ऑब्जेक्ट नवीन कोपऱ्यांवर बसवला, पण प्रतिबिंब वेगळं: खिडकी नाही, ट्यूबलाइट. माउंटवर तिचं एक टोक दिसत होतं. त्याची दिशा आणि जाडी धरून पट्टा आत वाढवला, कडा थोड्या मऊ केल्या आणि उजेडाचा रंग माउंटवरच्या टोकावरूनच उचलला.