बॉबिन केसचे बोट: दुकानाला लिहिलेले दुसरे पत्र

माझ्या शिलाई मशीनची बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ठेवायची डबी, मोडली आहे. मागच्या नोंदीत ज्या नव्या केसची वाट पाहत असल्याचे लिहिले होते, ती काल आली आणि चुकीची निघाली. सुईचा दोरा पकडणाऱ्या शटलच्या खुंटीवर ती बसली, खिट्टीही टक्‌ करून लागली. परंतु केसला जागेवर धरणारे काठावरचे बोट रेसच्या, म्हणजे शटलभोवतीच्या कड्याच्या, खाचेत घालण्यासाठी केस वळवावी लागली आणि त्यामुळे ती जुन्या केसपेक्षा तिरकी राहिली. हाताने चाक सावकाश फिरवून पाहिले, तेव्हा खाली येणारी सुई केसच्या काठाला घासत असल्याचे जाणवले. मोटर लावली असती, तर सुई नक्कीच तुटली असती.

चूक दुकानाची नव्हती, माझ्या पत्राची होती. केस उघड्या तोंडाकडून पाहत मी ‘बोट घड्याळातील १ च्या जागी’ असे लिहिले होते. खिट्टीच्या बाजूने पाहिले, तर तेच बोट ११ च्या जागी दिसते. या दोन्ही प्रकारच्या केस बाजारात मिळतात. म्हणून कोणत्या बाजूने पाहिले हे लिहिल्यावाचून आकड्याला अर्थ नाही.

दुसरे पत्र असे लिहिले:

‘स. न. वि. वि. सरळ टाक्याच्या जुन्या काळ्या मशीनसाठी बॉबिन केस हवी आहे. बॉबिन सपाट कडांची असून तिचा व्यास सुमारे २०.३ मिमी व उंची ११.७ मिमी आहे. जुन्या केसचे बोट मुळाशी तुटले असून काठावर २ मिमी खुंट उरला आहे. केस मशीनमध्ये बसवून खिट्टीच्या बाजूने पाहिल्यास हा खुंट आणि रेसची खाच, दोन्ही घड्याळातील ११ च्या जागी येतात. बोट नसल्याने केस शटलबरोबर फिरते आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. ताणाची पट्टी व स्क्रू शाबूत आहेत.’

बॉबिनची मापे धातूच्या व्हर्नियरने घेतली. माझा प्लास्टिकचा व्हर्नियर दर वेळी निराळा आकडा दाखवत होता. असल्या कामाला तो घेऊच नये, असे माझे मत झाले आहे.

तुटलेली केसच पाकिटात घालून पाठवावी, असे आधी ठरवले होते. पत्र लिहिता लिहिता तो बेत बदलला, कारण नवी केस आल्यावर ताडून पाहायला हीच एक वस्तू माझ्याकडे आहे. त्याऐवजी केस मशीनमध्ये बसवून खिट्टीच्या बाजूने छायाचित्र काढले आणि खुंटावर पांढऱ्या खडूचा ठिपका दिला. त्या छायाचित्रात खाच आणि खुंट इतके स्पष्ट एका रेषेत आले आहेत की, पाहून फार समाधान वाटले. पत्र आज सकाळी रवाना झाले. चुकीची केस परत पाठवण्यापूर्वी तिचा स्क्रू जुन्या केसच्या स्क्रूशी जुळतो का, तेवढे आज रात्री पाहणार आहे.