चौथा मसुदा
आज लातूरच्या घरी बसून सायबर सिक्युरिटीच्या मास्टर्ससाठीचे स्टेटमेंट ऑफ पर्पज चौथ्यांदा लिहिले आणि ‘लहानपणापासून संगणकाची आवड’ हा परिच्छेद काढून टाकला. त्याऐवजी सात वर्षांच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला एकच प्रसंग ठेवला: टेस्ट सर्व्हरवर बिलाच्या पानाच्या पत्त्यातील `id=1041` बदलून `id=1042` केले, तेव्हा दुसऱ्याच ग्राहकाचे बिल नाव-पत्त्यासह उघडले. आमच्या साऱ्या टेस्ट केसेस पास झाल्या होत्या, कारण त्या एकाच लॉगिनने चालवल्या होत्या. सर्व्हर लॉगिन तपासत होता, पण बिल त्याच ग्राहकाचे आहे का, हे पाहत नव्हता. एका खात्यातून लॉगिन करून दुसऱ्या खात्याचे बिल मागितल्यावरच ही चूक उघडी पडते. मालकीची ही तपासणी प्रणालीच्या रचनेतच कशी बसवावी, हे मला शिकायचे आहे, असे मी शेवटी लिहिले.