पावसाळ्यात जहाजं ठेवायची कुठे?

एम.ए.च्या वर्गात त्या दिवशी इंग्रज आणि फ्रेंच कंपन्यांची कर्नाटकातली युद्धं चालू होती. दुप्लेक्स, क्लाइव्ह, अर्काटचा वेढा असं सगळं फळ्यावर लिहून झालं होतं. मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. तिचं घर दापोलीकडचं, वडील मच्छीमार. म्हणाली, "मॅडम, पावसाळा आला की आम्ही होड्या ओढून शाकारून ठेवतो. यांची एवढी मोठी जहाजं. ती कुठे ठेवायचे?"

इतकी वर्षं शिकवतेय, पण या विषयाच्या गाभ्यावर इतकं नेमकं बोट ठेवणारा प्रश्न क्वचितच आलाय. क्लाइव्ह पुसून टाकला आणि फळ्यावर नुसता किनारा काढला.

आपल्याकडे समुद्र जूनमध्ये बंद होतो, कोरोमंडलवर, म्हणजे मद्रासकडच्या पूर्व किनाऱ्यावर, ऑक्टोबरात. मद्रास आणि पाँडिचेरी या दोन्ही कंपन्यांच्या राजधान्या, पण दोन्हीकडे त्या काळी बंदर असं नव्हतंच. जहाजं उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल छोट्या होड्यांतून लाटांवरून किनाऱ्याला यायचा. 1746 मध्ये फ्रेंच आरमाराच्या ला बूर्दोनेनं मद्रास जिंकलं आणि ऑक्टोबरच्या एका रात्रीच्या वादळानं त्याचं आरमार मोडून टाकलं. म्हणजे ऑक्टोबरच्या आत प्रत्येक आरमाराला तिथून निघावंच लागे. प्रश्न एवढाच, की जायचं कुठे?

फ्रेंचांचं उत्तर होतं मॉरिशस, पाँडिचेरीपासून चार हजार किलोमीटरांहून दूर. इंग्रजांचं उत्तर होतं मुंबई. तिथे जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून आले होते आणि 1750 मध्ये पहिली सुकी गोदी उभी राहिली होती. इथे मी भरती-ओहोटीवर बराच वेळ थांबले, कारण तिच्यावाचून गोदी कळत नाही. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरांहून अधिक चढतं. भरतीबरोबर जहाज गोदीत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरू द्यायचं आणि दार बंद करायचं. जहाजाचा तळ उघडा पडला, की किड्यांनी पोखरलेल्या फळ्या बदलता येतात. कोरोमंडलवर पाणी जेमतेम मीटरभर चढतं. तिथे असं काही करायचं ठरवलं तरी जमलं नसतं.

मग 1758 चं साल घेतलं. एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये इंग्रज आरमाराचा प्रमुख पोकॉक आणि फ्रेंचांचा द'आशे यांच्या दोन लढाया झाल्या, निर्णायक एकही नाही. द'आशेची बहुतेक जहाजं फ्रेंच कंपनीचीच होती. सप्टेंबर लागताच तो मॉरिशसला निघाला. जमिनीवरचा फ्रेंच सेनापती लाली संतापला, थांब म्हणाला, पण त्यानं ऐकलं नाही. मॉरिशसमध्ये एवढ्या माणसांना पुरेल इतकं धान्यही नव्हतं, ते आणायला जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, डचांच्या केपला पाठवावी लागली. पोकॉक मुंबईला आला. डिसेंबरात लालीनं आरमाराविना मद्रासला वेढा घातला. तटाला खिंडार पडलं होतं. तेवढ्यात 16 फेब्रुवारी 1759 ला मुंबईहून कुमक घेऊन आलेली जहाजं क्षितिजावर दिसली आणि दुसऱ्या दिवशी वेढा उठला. त्या सप्टेंबरात द'आशे पुन्हा आला, पाँडिचेरीसमोर लढला, थोडी माणसं आणि पैसा उतरवला आणि गेला. परत आलाच नाही.

या सगळ्यात लालीवर अन्याय होतो, असं मला नेहमी वाटतं. फ्रान्सला परतल्यावर त्याच्यावर खटला चालला आणि 1766 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तो उद्धट होता, माणसं तोडायचा, हे खरंच. पण गोदी नसलेल्या किनाऱ्यावर त्यानं काय करायचं होतं?

एकानं विचारलं, "मग आंग्र्यांचं काय?" हा धागा आपल्या घरातला. फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून वॉटसनच्या इंग्रजी आरमारानं विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांची जहाजं जाळली. त्या मोहिमेत पोकॉक होताच. मुंबईच्या दक्षिणेची वाट इंग्रजांना मोकळी झाली, आणि ती करून देण्यात आपलाही हात होता.

तास संपत आला होता, पण दापोलीची मुलगी अजून समाधानी नव्हती. "म्हणजे इंग्रजांना वादळ कधी लागलंच नाही?"

लागलं. 1 जानेवारी 1761 ला पाँडिचेरीसमोर नाकेबंदी करून उभ्या असलेल्या इंग्रजी आरमारावर चक्रीवादळ आलं. तीन जहाजं माणसांसकट बुडाली, आणखी तीन किनाऱ्यावर फेकली गेली. शहरात उपाशी बसलेल्या फ्रेंचांना वाटलं, सुटलो. पण उरलेली आणि त्रिंकोमालीकडून आलेली इंग्रजी जहाजं काही दिवसांतच पुन्हा समोर उभी राहिली. आत धान्य आणायला त्या मोकळ्या दिवसांत एकही फ्रेंच जहाज जवळपास नव्हतं. जानेवारीच्या मध्यावर पाँडिचेरी शरण आलं.