आमची वाटचाल: फोटोतला तक्ता आडव्याचा उभा करताना

आमच्या छोट्या टायपिंग-कार्यालयाकडे येणाऱ्या कामांत एक काम ठरलेले असते. गुणतक्त्याचा फोटो येतो. त्यात हजेरी क्रमांक खाली उतरत जातात आणि विषय डोक्यावर आडवे पसरलेले असतात. हवे असते नेमके उलटे: विषय एकाखाली एक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी. ऐकायला सोपे वाटते, पण आमची पद्धत दोनदा बदलली आहे. दोन्ही वेळा कारण एकच होते: आकडा बरोबर आणि त्याचे नाव मात्र चुकलेले.

पहिल्या पद्धतीत फोटो बघत थेट उलटा तक्ता टाइप केला जाई. डोळा आडवा वाचतो, हात उभा लिहितो आणि मधेच एक ओळ निसटते. फोटो तिरका असेल तर हे हमखास होते, कारण कॅमेऱ्यापासून लांबच्या बाजूला ओळी जवळजवळ दिसतात. दुसरी पद्धत फोटोवरून मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची. तिथली चूक वेगळी आणि जास्त लबाड. आता आम्ही तक्ता आधी फोटोत आहे तसाच उतरवतो, तपासतो आणि मगच फिरवतो.

नमुन्यासाठी चार विद्यार्थ्यांचा तक्ता घेऊ. विषय मराठी, गणित आणि विज्ञान. प्रत्येकाखाली लेखी (८० पैकी) आणि तोंडी (२० पैकी) असे दोन रकाने, शेवटी एकूण. हजेरी क्रमांक १० ची ओळ अशी: मराठी लेखी ५२, तोंडी रिकामे, गणित ३८ आणि ११, विज्ञान ५५ आणि १५, एकूण १७१.

सॉफ्टवेअरला ते रिकामे घर दिसतच नाही. ३८ सरकून मराठी तोंडीत बसतात, ११ गणित लेखीत, ५५ गणित तोंडीत. आता बेरीज करून बघा: ५२, ३८, ११, ५५, १५. उत्तर १७१ च! ओळीची बेरीज जुळली म्हणून निर्धास्त झालेला माणूस इथेच फसतो. ही चूक पकडतो तो ‘पैकी’चा आकडा, कारण तोंडीत २० च्या वर ३८ आणि ५५ येऊच शकत नाहीत. म्हणून कमाल गुण आम्ही शीर्षकात कंसात न ठेवता स्वतंत्र ओळीत लिहितो. तक्ता फिरला की तेही आपापल्या विषयाबरोबर फिरतात.

फोटोतले रिकामे घर आम्ही Excel च्या शीटमध्ये रिकामे ठेवत नाही, तिथे आडवी रेघ टाइप करतो. मूळातच रिकामे होते की टाइप करायचे राहिले, हे त्यावरून कळते. गैरहजरसाठी ‘गै.’. शून्य फक्त तिथेच, जिथे फोटोत शून्य आहे.

शीटची मांडणी अशी. A1 मध्ये ‘विषय’, A2 मध्ये ‘प्रकार’, A3 मध्ये ‘पैकी’. त्याखाली A4 ते A7 हजेरी क्रमांक. ०७ चा ७ होऊ नये म्हणून ते सेल टाइप करण्याआधीच Text करून ठेवायचे. गुण B4:G7 मध्ये, एकूण H मध्ये. फोटोतल्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारून दोन शब्द लिहिलेले असतात, ते तसे उतरवू नयेत. फिरवल्यावर त्यांचा अर्थ उलटा होतो. A1 ते A3 मधली तीन नावे फिरल्यावर आपोआप रकान्यांची शीर्षके बनतात.

खरी गोम वरच्या जोडलेल्या शीर्षकात आहे. ‘गणित’ हा शब्द लेखी आणि तोंडी दोन्हींवर पसरलेला दिसतो, पण शीटच्या दृष्टीने तो फक्त पहिल्या सेलमध्ये असतो. तसाच फिरवला आणि नंतर ‘गणित’वर फिल्टर लावला, की फक्त लेखीची ओळ येते, तोंडी बेवारस. म्हणून आधी B1:G1 निवडून Unmerge Cells, मग Ctrl+G, Special, Blanks. C1, E1, G1 निवडले जातील. लगेच =B1 टाइप करून Ctrl+Enter दाबले की प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये डावीकडचे नाव येते. निवड फक्त B1:G1 चीच हवी. सगळी शीट निवडून हेच केले तर गुणांतल्या रिकाम्या घरातही शेजारचा आकडा उतरतो (रेघ मारून ठेवण्याचा हा दुसरा फायदा). शेवटी तीच ओळ कॉपी करून तिथेच Values म्हणून पेस्ट करायची, म्हणजे सूत्रे जाऊन शब्द उरतात.

आता A1:H7 कॉपी करा, नव्या शीटवर A1 मध्ये जा, Paste Special, Transpose. Cut केलेल्यावर Paste Special चालत नाही, आणि मूळ भाग Excel Table म्हणून बांधलेला असेल तर आधी Convert to Range करावे लागते. सूत्राने फिरवायचे असेल तर एक खोड लक्षात ठेवा: Excel मधले TRANSPOSE रिकाम्या सेलच्या जागी ० दाखवते. परीक्षा न दिलेल्याला शून्य गुण! म्हणून नव्या शीटवर सूत्र असे लिहावे, Sheet1 च्या जागी मूळ शीटचे नाव घालून:

```
=TRANSPOSE(IF(Sheet1!A1:H7="","",Sheet1!A1:H7))
```

आमच्या नमुन्यातून हा तक्ता येतो:

| विषय | प्रकार | पैकी | ०७ | ०८ | ०९ | १० |
|---|---|---|---|---|---|---|
| मराठी | लेखी | ८० | ६१ | ४७ | ६६ | ५२ |
| मराठी | तोंडी | २० | १६ | १४ | १८ | – |
| गणित | लेखी | ८० | ५४ | ७२ | ४९ | ३८ |
| गणित | तोंडी | २० | १५ | १९ | १३ | ११ |
| विज्ञान | लेखी | ८० | ५८ | गै. | ६३ | ५५ |
| विज्ञान | तोंडी | २० | १७ | १२ | १८ | १५ |
| एकूण | | ३०० | २२१ | १६४ | २२७ | १७१ |

तपासणी तीन प्रकारे. मूळ शीटवर =COUNT(B4:G7) आणि नव्या शीटवर =COUNT(D2:G7), दोन्हीकडे २२ यायला हवेत; २३ आले तर कुठल्यातरी रिकाम्या घराचे शून्य झाले आहे. मग फोटोतल्या ‘एकूण’खाली आपली स्वतःची बेरीज मांडून दोन्ही ओळी जुळवायच्या. चौघांची मिळून ७८३ येते.

तिसरी तपासणी फोटो हातात घेऊन. पाच-सहा आकडे निवडायचे आणि प्रत्येक आकडा त्याच्या तिन्ही नावांसह मोठ्याने वाचायचा: ‘आठ, गणित, लेखी, बहात्तर.’ दुसऱ्याने नव्या शीटवर E4 बघायचा. निवड करताना कर्णावरचे आकडे टाळा. गुणांच्या चौकटीत पहिल्या ओळीतला पहिला, दुसरीतला दुसरा, तिसरीतला तिसरा हे आकडे फिरवल्यावरही चौकटीतल्या त्याच जागी राहतात. इथे ते ६१, १४, ४९ आणि ११. नावे फिरली आणि आकडे फिरलेच नाहीत, तरी हे चारही बरोबरच दिसतील. पाच विद्यार्थी आणि पाच रकाने अशा चौरस तक्त्यात हा धोका सर्वात मोठा, कारण तिथे तक्त्याचा आकारही काही सांगत नाही. कर्णापासून लांबचे, उजव्या वरच्या आणि डाव्या खालच्या कोपऱ्यातले आकडे घ्यावेत.

आकड्याला चिकटलेली फुली किंवा चांदणी आम्ही सेलमध्ये ठेवत नाही. तो सेल मजकूर बनतो आणि बेरजेतून गुपचूप गळतो. ती टीप तक्त्याखाली वेगळ्या ओळीत जाते, ‘०९, विज्ञान, लेखी’ अशी पूर्ण नावे लिहून. ‘वरून पाचवी ओळ’ असे तिथे कधीच लिहायचे नाही.