मुलगी दिली गेली का?

"मॅडम, शी वॉज गिव्हन अ प्राइझ बरोबर, की अ प्राइझ वॉज गिव्हन टू हर? एकच काय ते सांगा ना."

दोन्ही. पण 'दोन्ही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, त्याला वाटतं मॅडम टाळतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

ही एकाच कर्तरी वाक्याची दोन कर्मणी रूपं आहेत असं आपल्याला शिकवलेलं असतं, घोळ तिथेच होतो. इंग्रजीत देण्याची कर्तरी वाक्यंच दोन आहेत. 'दे गेव्ह हर अ प्राइझ' यात हर क्रियापदाला खेटून उभी आहे, मध्ये टू वगैरे काही नाही. 'दे गेव्ह अ प्राइझ टू हर' यात खेटून उभं आहे ते प्राइझ. जो खेटून उभा असेल त्याला उचलून पुढे आणायचं, की पहिल्यातून शी वॉज गिव्हन निघतं आणि दुसऱ्यातून अ प्राइझ वॉज गिव्हन. पहिल्यातूनच प्राइझ उचलून 'अ प्राइझ वॉज गिव्हन हर' असं म्हणणारेही आहेत, जुन्या लिखाणात भेटतात, पण तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

आता मी एवढी चिडते का, ते. काही वर्षांपूर्वी पेपर तपासायला बसलो होतो आणि नमुना उत्तरात फक्त अ प्राइझ वॉज गिव्हन टू हर छापलेलं. शी वॉज गिव्हन लिहिणाऱ्या मुलांना शून्य. मी म्हटलं हे बरोबर आहे, मार्क द्यायला हवेत. आमच्यातले एक ज्येष्ठ सर, ज्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "बाई, दिलं काय गेलं? बक्षीस दिलं गेलं. मुलगी दिली गेली का?" सगळे हसले. मी म्हटलं, सर, सगळे लोक असंच बोलतात. ते म्हणाले, "लोक काय, काहीही बोलतात." आणि मला पुढे काही सुचेना! नियम पाठ होता, कारण माहीत नव्हतं, आणि सरांचा प्रश्न तसा वेडगळ नव्हताच. शेवटी अर्धा मार्क द्यायचं ठरलं. अर्धा! म्हणजे वाक्य निम्मं बरोबर, ते कुठल्या निम्म्यात हे कोणी सांगितलं नाही. मीही सही केली, कारण गठ्ठे संपवायचे होते.

सरांना तेव्हा जे सांगायचं राहिलं ते असं. सर, तुम्ही प्रश्न मराठीतून विचारलात, मराठीत तो शंभर टक्के खरा आहे. आपल्याकडे 'तिला बक्षीस दिलं गेलं', 'तिला पुस्तकं दिली गेली'. क्रियापद बक्षिसाकडे बघतं, पुस्तकांकडे बघतं, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि ती आपला 'ला' घट्ट धरून जागच्या जागी. तो 'ला' काढून 'ती बक्षीस दिली गेली' म्हटलं तर मुलगीच कोणाला तरी बक्षीस म्हणून देऊन टाकली असा भयंकर अर्थ होतो. पण इंग्रजीत द गर्ल या शब्दावर 'ला'सारखं काही उरलेलंच नाही, घेणारी असो की देणारी, द गर्ल ती द गर्लच. फार जुन्या इंग्रजीत मात्र आपल्यासारखंच होतं. नामांना विभक्ती होत्या, आणि कर्मणी वाक्यातही घेणारा चतुर्थीतच राहायचा, हिम वॉज गिव्हन अशा धर्तीवर. पुढे नामांचे प्रत्यय झिजले, आणि त्यानंतरच्या काळात हिमच्या जागी ही म्हणणारी वाक्यं रुळली. म्हणजे जी मुलं 'हर वॉज गिव्हन अ प्राइझ' लिहितात (लिहितात, मी गठ्ठे तपासलेत) ती चुकतातच, पण मराठीचा तो 'ला' सुटत नाही म्हणून चुकतात, त्यांना डोकं नाही म्हणून नाही.

खरं नुकसान या 'ला'ने दुसरीकडेच होतं, आणि त्याबद्दल मला कोणी विचारत नाही. मराठीत 'मला बक्षीस दिलं', 'मला नियम समजावून सांगितले', 'मला उपाय सुचवला' सगळीकडे तोच मला. मग इंग्रजीत बिनधास्त 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल्स', 'आय वॉज सजेस्टेड अ सोल्यूशन'. ऑफिसच्या मेलमध्ये तर सर्रास. आता वरचीच परीक्षा लावा. कर्तरीत 'दे एक्सप्लेन्ड मी द रूल्स' चालतं का? नाही, तिथे टू मीच लागतं, इंग्रजीतला 'मी' कधी खेटून उभा राहतच नाही, मग उचलणार काय? फक्त रूल्स. म्हणून 'द रूल्स वेअर एक्सप्लेन्ड टू मी'. गिव्ह, टेल, शो, सेंड, ऑफर, टीच या क्रियापदांना माणूस खेटून चालतो, एक्सप्लेन, सजेस्ट, से, डिस्क्राइब यांना चालत नाही. अर्थावरून ओळखता येत नाही, बघा ना, टेल आणि से दोन्ही सांगण्याबोलण्याचीच, तरी 'आय वॉज टोल्ड द न्यूज' ठीक आणि 'आय वॉज सेड द न्यूज' ऐकवत नाही. म्हणून आधी कर्तरी वाक्य म्हणून बघायचं, मग उलटवायचं.

मग दोन्ही बरोबर असतील तेव्हा कुठलं घ्यायचं? तेव्हाची मी म्हणायचे, काहीही घ्या, अर्थ तोच. आता तसं म्हणवत नाही. बोलणं चाव्यांबद्दल चाललं असेल, चाव्या कुठे गेल्या, तर 'द कीज वेअर गिव्हन टू द सेक्रेटरी'. सेक्रेटरीबद्दल चाललं असेल, त्याच्या हातात काय दिलं, तर 'द सेक्रेटरी वॉज गिव्हन द कीज'. ज्याचा विषय चालू आहे तो पुढे, नवीन माहिती शेवटी. हे झालं सवयीचं, उलट केलंत तरी कोणी चूक म्हणणार नाही, वाचताना जरा अडखळेल इतकंच.

पण वाक्यात एव्हरी आला की प्रकरण सवयीपुरतं राहत नाही. 'एव्हरी गर्ल वॉज गिव्हन अ प्राइझ' म्हटलं की सहज समजतं, प्रत्येकीला आपापलं बक्षीस. 'अ प्राइझ वॉज गिव्हन टू एव्हरी गर्ल' याचा तो अर्थ होतोच, शिवाय सगळ्यांना मिळून एकच बक्षीस असाही निघू शकतो. आणि 'अ गर्ल वॉज गिव्हन एव्हरी प्राइझ' म्हणजे एकाच मुलीने सगळी बक्षिसं पटकावली, प्रत्येक बक्षिसाला वेगळी मुलगी हा अर्थ तिथे जवळजवळ निघतच नाही. तेव्हा अर्थ तोच, असं कुठल्या तोंडाने म्हणू? सर असते तर म्हणाले असते, बघा, म्हणूनच एकच उत्तर हवं. त्यांचं ते मला अजूनही पटणार नाही, पण तेव्हाचं माझं 'काहीही घ्या' सुद्धा टिकत नाही.

आणि खेटून उभं राहण्याची माझी परीक्षा तरी कुठे पक्की आहे. 'दे बॉट हर अ सायकल' अगदी बरोबर, हर खेटून उभी, म्हणजे नियमाने 'शी वॉज बॉट अ सायकल' यायला हवं. काही इंग्रजी भाषिक ते सहज म्हणतात, काही नाक मुरडतात आणि 'अ सायकल वॉज बॉट फॉर हर' म्हणतात. ज्या क्रियापदांना टूच्या ऐवजी फॉर लागतो तिथे असं होतं. पेपरात आलं तर मी पूर्ण मार्क देते, शेजारी बसणारे देतील याची हमी नाही.